दुचाकीसाठी नकाशा लावताना टोल, हायवे आणि फेरीच्या बटणांचं काय करायचं

प्रश्न: मी मोटारसायकलवरून महिन्यातून दोनदा पनवेलहून निगडीला जातो. गूगल मॅप्समध्ये काहीच नाही लावलं तर ते सरळ एक्स्प्रेसवेवर चढवतं. टोल टाळा केलं तर भलत्याच गावांतून फिरवतं, आणि हायवे टाळा केलं तर त्याहून वाईट. नेमकं काय चालू ठेवायचं? दिवाळीनंतर दापोलीहून गुहागरलाही जायचंय, तिथे फेरीचं काय करू?

उत्तर:

तिन्ही बटणं बंद करा आणि वरच्या ओळीतलं मोटारीचं चित्र सोडून मोटारसायकलचं चित्र निवडा. तुमच्या अडचणीचं मूळ बटणांत नाही, वाहन चुकीचं निवडलं जातंय त्यात आहे. मी बरीच वर्षं दुचाकीवरून माल पोहोचवणाऱ्या मुलांचे मार्ग लावून देतो. नवीन आलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडून ही चूक होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ही बटणं नेमकं काय करतात ते बघू. नकाशाच्या पोटात रस्त्यांचे लहान लहान तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्यावर त्याची माहिती चिकटवलेली असते. इथे टोल आहे, हा द्रुतगती मार्ग आहे, ही बोट आहे, इथून जायला इतकी मिनिटं लागतात, अशी. तुम्ही `Avoid tolls` चालू केलंत की टोलवाला तुकडा मार्ग शोधणाऱ्याला फार महाग वाटू लागतो आणि तो दुसरा रस्ता धुंडाळतो. तो तुकडा बंद झालेला नसतो, फक्त नकोसा झालेला असतो. दुसरा रस्ता नसला किंवा फारच लांबून असला, तर बटण चालू असूनही ॲप तुम्हाला टोलवरून नेतं आणि मार्गात टोल असल्याचं बारीक अक्षरांत लिहून मोकळं होतं. `Avoid highways` आणि `Avoid ferries` यांचंही तेच. काही फोनवर `Avoid highways` ऐवजी `Avoid motorways` असं दिसतं, बटण तेच.

म्हणजे ही बटणं तुमची आवड सांगतात. दुचाकीला एक्स्प्रेसवेवर मनाई आहे ही आवडनिवड नव्हे, तो नियम आहे, आणि नियम ॲपला कळतो तो वाहनाच्या चित्रावरून. मोटारीचं चित्र ठेवलंत तर तुम्ही मोटारीत बसलाय असंच ते धरून चालतं. मोटारीसाठी एक्स्प्रेसवे हाच सरळ रस्ता आहे, त्यामुळे ॲपने दाखवलं ते त्याच्या परीने बरोबरच होतं. गूगलने भारतात दुचाकीचा पर्याय डिसेंबर २०१७ मध्ये आणला. तो निवडला की दुचाकीला बंद असलेले रस्ते सुटतात, वेळही दुचाकीच्या हिशेबाने काढली जाते, आणि जिथून मोटार जाणार नाही असे बोळही मार्गात येतात.

आता तुमचा टोलचा अनुभव. `Avoid tolls` लावून एक्स्प्रेसवे टाळायची युक्ती बऱ्याच जणांना सापडते, कारण ती पहिल्यांदा चालते. एक्स्प्रेसवेवर खालापूरला आणि तळेगावला टोल आहे. टोल टाळा म्हटलं की एक्स्प्रेसवे आपोआप गळतो. वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू, समृद्धी महामार्ग या सगळ्यांवर दुचाकीला मनाई आहे आणि सगळ्यांवर टोलही आहे, म्हणून तिथेही युक्ती लागू पडते. माणसाला वाटतं, सापडलं आपल्याला.

मग एक दिवस तो मुंबईत ईस्टर्न फ्रीवेच्या तोंडाशी येऊन उभा राहतो. फ्रीवेवर टोल नाही, पण दुचाकीला मनाई आहे. कोस्टल रोडचंही तसंच, टोल नाही आणि दुचाकीला प्रवेशही नाही. टोल आणि मनाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही रस्त्यांवर त्या एकत्र सापडतात इतकंच.

दुसरा तोटा जास्त मोठा आहे आणि तुम्हाला बसला तो हाच. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलनाक्यांवर दुचाकीला टोल लागत नाही. नाक्याच्या अगदी डाव्या कडेला दुचाकीसाठी अरुंद वाट सोडलेली असते, तिथून थेट निघायचं. फास्टॅगही लागत नाही. जून २०२५ मध्ये दुचाकीलाही टोल सुरू होणार अशी बातमी पसरली होती, ती केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी स्वतः खोडून काढली. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरही टोलनाके आहेत, लोणावळ्याच्या पुढे वरसोलीचा आहे. तो तुमच्यासाठी फुकट आहे. पण `Avoid tolls` चालू असलं की ॲपला दिसतो फक्त टोलनाका. त्यातून तुम्हाला सूट आहे हे लक्षात न घेता ते तुम्हाला चांगल्या रुंद रस्त्यावरून उतरवून नाक्याला वळसा घालणाऱ्या गावरस्त्याला लावू शकतं. जो पैसा तुम्हाला भरायचाच नाही तो वाचवायला तुम्ही पंधरावीस मिनिटं, थोडं पेट्रोल आणि पाठीचे दोन मणके खर्च करता. दुचाकीवाल्याने टोलचं बटण कायम बंद ठेवावं, हे माझं स्पष्ट मत आहे.

हायवेचं बटण का बिघडवतं तेही बघा. तुमचा हक्काचा रस्ता म्हणजे पनवेल, चौक, खोपोली, खंडाळा, लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड, निगडी हा जुना रस्ता. पण तो स्वतःच राष्ट्रीय महामार्ग आहे, पूर्वीचा चार, आता ४८. हायवे टाळा म्हटलं की ॲप एक्स्प्रेसवेबरोबर यालाही टाळायला बघतं. बरं, टाळून जाणार कुठे? कोकणातून देशावर चढायला सह्याद्रीत ठरलेलेच घाट आहेत. बोरघाट सोडला तर वर माळशेज, खाली ताम्हिणी, आणि दोन्ही तुमच्या वाटेपासून फार दूर. म्हणून ते खालच्या सपाटीवर तुम्हाला गावागावांतून फिरवतं आणि घाटाशी आल्यावर नाइलाजाने पुन्हा त्याच रस्त्यावर आणून सोडतं. तुम्ही म्हणालात तसं टोलपेक्षाही वाईट. हे बटण उपयोगाचं पडतं ते वेगळ्याच ठिकाणी: एखाद्याला सातारा किंवा कोल्हापूरकडे जाताना अवजड गाड्यांच्या गर्दीतून सुटून आतल्या रस्त्याने शांतपणे जायचं असेल, हातात वेळ असेल आणि पावसाळा नसेल तर.

आता प्रत्यक्ष लावून बघू. निघण्याआधी घरी, नेटवर्क चांगलं असताना करा.

मॅप्स उघडा, निगडी लिहा, `Directions` दाबा. वरच्या ओळीत मोटार, मोटारसायकल, बस, पायी अशी चित्रं दिसतील. मोटारसायकल निवडा. मग निघण्याच्या जागेच्या चौकटीशेजारच्या तीन टिंबांवर जाऊन `Options` उघडा. तिथे टाळायची बटणं दिसतील, तिन्ही बंद आहेत ना ते बघा. हे बघणं महत्त्वाचं, कारण एकदा लावलेलं बटण पुढच्या प्रवासालाही तसंच राहतं. गेल्या महिन्यात केलेला प्रयोग आज तुम्हाला फिरवतोय, असं फार वेळा घडतं. हीच बटणं तुमच्या फोटोवर दाबून `Settings`, मग `Navigation`, मग `Route options` इथेही सापडतात.

मार्ग दिसला की लगेच `Start` दाबू नका. निळी रेषा बोटांनी मोठी करून तीन ठिकाणी बघा. पनवेल सोडल्यावर ती चौक आणि खोपोली गावातून जाते का? खालापूरच्या टोलनाक्यावरून तर जात नाही ना? लोणावळ्यानंतर ती कार्ला, कामशेत, वडगाव अशी गावांना धरून जाते का? वळणांची यादी उघडलीत तर रस्त्यांची नावंही वाचता येतात. घाटाचा वरचा टप्पा सोडून कुठे `Mumbai Pune Expressway` असं लिहिलेलं दिसलं तर काहीतरी चुकलंय.

तो वरचा टप्पा वेगळा का काढला? कारण तिथे जुना रस्ता आणि एक्स्प्रेसवे काही अंतर एकत्रच चालतात आणि खंडाळ्याजवळ पुन्हा वेगळे होतात. त्या पट्ट्यात पडद्यावर एक्स्प्रेसवेचं नाव आलं म्हणून दचकू नका, पण डाव्या कडेने चला आणि खंडाळा-लोणावळ्याच्या पाटीवर नजर ठेवा. इथे फोनपेक्षा पाटीला मान द्यायचा. दोन रस्ते अगदी लगत असले की उपग्रहावरून मिळणाऱ्या जागेत काही मीटरांची चूक राहते आणि निळा ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. घाटात डोंगर आडवा आल्यावर तर हमखास. ठिपका एक्स्प्रेसवेवर गेला की ॲपला वाटतं तुम्ही तिथेच आहात, आणि ते पुढच्या बाहेर पडायच्या ठिकाणापर्यंत सरळ जायला सांगतं. त्या घटकेला त्याचं ऐकायचं नाही.

मार्ग अजून घट्ट बांधायचा असेल तर मधले थांबे घाला. `Add stop` करून खोपोली आणि कामशेत हे दोन थांबे पुरतात. थांबा गावाच्या नुसत्या नावावर सोडू नका. जुन्या रस्त्याला लागून असलेला तुमच्या माहितीचा पेट्रोलपंप किंवा हॉटेल निवडा, नाहीतर ॲप तुम्हाला रेल्वे स्टेशनपर्यंत आत नेऊन परत आणतं. तुम्ही महिन्यातून दोनदा जाता, तेव्हा मी माझ्या मुलांना देतो तसा एक दुवा करून ठेवा:

```
https://www.google.com/maps/dir/?api=1&origin=Panvel&destination=Nigdi&waypoints=Khopoli%7CKamshet&travelmode=two-wheeler
```

शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे. `travelmode=two-wheeler` लिहिलं की दुवा दुचाकीसाठीच उघडतो. मधलं `%7C` म्हणजे दोन थांब्यांमधली उभी रेघ. खोपोली, कामशेतच्या जागी तुमचे ठरलेले थांबे लिहा. फोनच्या ब्राउझरमधून उघडणार असाल तर थांबे तीनपेक्षा जास्त घालू नका.

याचं महत्त्व मला एका मुलाने दाखवून दिलं. त्याला शिवडीहून उलव्याला कागदपत्रं पोहोचवायची होती. पाठवणाऱ्याने मोटारीत बसून लावलेला मार्ग तसाच त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. मुलाने दुवा उघडला, मोटारीचं चित्र तसंच राहिलं, आणि तो अटल सेतूच्या तोंडाशी पोहोचला. तिथे दुचाकीला मनाई असल्याची पाटी वाचून त्याने मला फोन केला. मागून मोटारी येत होत्या आणि वळायला जागा शोधता शोधता त्याच्या नाकी नऊ आले. मग वाशीवरून जावं लागलं आणि कागद दोन तास उशिरा पोहोचले. त्याची स्वतःची बटणं सगळी बरोबर होती. दुसऱ्याने पाठवलेला मार्ग उघडला की सगळ्यात आधी वाहनाचं चित्र बघायचं, हे तेव्हापासून मी पहिल्याच दिवशी शिकवतो. उलटही लक्षात ठेवा: तुमचा दुचाकीचा मार्ग मोटारवाल्या मेव्हण्याला पाठवू नका, तो एखाद्या बोळात अडकेल.

दुचाकीचा पर्याय निवडूनही चूक होऊ शकते. नवा पूल किंवा नवा रस्ता सुरू झाला की तिथल्या मनाईची नोंद नकाशात यायला वेळ लागतो. नेमक्या त्याच काळात वृत्तपत्रांत त्या रस्त्याचं कौतुक चालू असतं आणि लोक तो वापरून बघायला निघतात. त्या दिवसांत प्रवेशाची पाटी हाच खरा नकाशा. दुसरं म्हणजे दोन मिनिटं वाचवायला हा पर्याय कधीकधी वस्तीतून किंवा शेताच्या कडेने नेतो. उन्हाळ्यात ते चालतं. जुलैमध्ये तीच वाट चिखलाची होते. आम्ही पावसाळ्यात एक नियम पाळतो: पर्यायी मार्ग पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ वाचवत असेल तर मोठा रस्ता सोडायचा नाही.

मोटारवाल्यांसाठी थोडक्यात: टोलचं बटण खऱ्या अर्थाने त्यांचं आहे, पण त्यांनीही ते लावून विसरू नये. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींना टोल माफ आहे. नकाशाला त्या नाक्याची जुनी ओळखच ठाऊक असेल तर `Avoid tolls` तुम्हाला फुकटच्या नाक्याला वळसा घालायला लावेल. बटण चालू आणि बंद, असे दोन्ही मार्ग एकदा शेजारी ठेवून बघा. फरक किती किलोमीटरचा आणि किती मिनिटांचा ते कळलं की टोल भरायचा की नाही ते तुम्हीच ठरवाल.

आता दापोली-गुहागर. इथे बटणाचं उत्तर नेमकं उलटं येऊ शकतं, म्हणून नीट बघा.

दापोली आणि गुहागर यांच्यामध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. फेरी टाळा म्हटलंत तर ॲप तुम्हाला दापोलीहून खेड, खेडहून चिपळूण आणि चिपळूणहून गुहागर असं नेणार, म्हणजे साधारण शंभर किलोमीटर. फेरी चालू ठेवलीत तर दापोलीहून दाभोळच्या धक्क्यापर्यंत सुमारे तीस किलोमीटर, बोटीने पलीकडे धोपावे, आणि तिथून गुहागर जवळच. मोटारसायकल बोटीत चढते, तिकीट वेगळं काढायचं. निम्म्याहून जास्त अंतर वाचतं आणि खाडी ओलांडायचा आनंद वेगळाच. दिवसाउजेडी जाणार असाल तर `Avoid ferries` बंदच ठेवा.

फक्त ॲपने दाखवलेल्या वेळेवर विसंबू नका. बोटीचा तुकडाही त्याला रस्त्याच्या तुकड्यासारखाच दिसतो: इकडून तिकडे इतकी मिनिटं. तुम्ही धक्क्यावर पोहोचता तेव्हा बोट नुकतीच सुटलेली असते, किंवा समोर मोटारींची रांग असते, किंवा ओहोटीमुळे चढण अवघड झालेली असते, हे त्यात कुठेच नसतं. दाखवलेल्या वेळेत अर्धा तास स्वतःच मिळवा. दिवाळीनंतरचे शनिवार-रविवार असतील तर एक तास. रांगेत दुचाकीचा फायदा असतो. मोटारी लागल्या की उरलेल्या फटींत दुचाकी लावतात, त्यामुळे मागे उभे असलात तरी मोटारींच्या रांगेत न थांबता पुढे येऊन माणसाला विचारा.

शेवटची फेरी हा खरा प्रश्न आहे. बोट रात्री बंद होते, आणि समुद्र खवळलेला असला तर दिवसाही. शेवटची बोट गेल्यावरही ॲपने दाभोळवरून मार्ग दाखवला, तर अंधारात धक्क्यावर जाऊन तुम्हाला परत दापोलीमार्गे चिपळूणला जावं लागेल. आधीच तीस किलोमीटर गेलेले, तेवढेच परत, आणि वर सगळा वळसा. म्हणून आदल्या दिवशी फेरीवाल्यांना किंवा दापोलीत ज्यांच्याकडे मुक्काम आहे त्यांना फोन करून शेवटच्या बोटीची वेळ विचारा. दापोली सोडायला संध्याकाळ झाली तर निघण्याआधीच `Avoid ferries` चालू करा. ॲप मग चिपळूणचा मार्ग दाखवेल, आणि निदान पेट्रोल किती भरायचं ते तरी आधी कळेल. गुहागरला पोहोचलात की ते बटण परत बंद करायला विसरू नका. परतताना जयगडकडे वळायचा विचार केलात तर तवसाळहून पलीकडे जायलाही बोटच आहे. बटण चालू राहिलं तर ॲप ती बोट दाखवणारच नाही आणि तुम्हाला खाडीला लांबचा वळसा घालायला लावेल.